खटला अर्ध्यावर असताना वकील बदलायचाय? वकीलपत्र, ना-हरकत आणि फाईल यांचा क्रम चुकू देऊ नका

नंदुरबार : कोर्टाच्या आवारात हे बोलणं नेहमी कानावर येतं. "दोन तारखा झाल्या, वकीलसाहेब आलेच नाहीत." "फोन उचलत नाहीत." "आता दुसरा वकील लावू." धडगाव, मोलगी, नवापूर, तळोदा भागातून पहाटेची गाडी पकडून आलेल्या माणसाचा दिवस जातो, मजुरी बुडते आणि हातात फक्त पुढची तारीख मिळते. मग राग येतो आणि माणूस त्याच दिवशी जुन्या वकिलाला सांगून टाकतो, "उद्यापासून तुम्ही नको."

वकील बदलण्याचा हक्क आरोपीला आहेच. राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. फौजदारी कायद्यात तो जुन्या संहितेच्या कलम 303 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 340 मध्ये आहे. पण फौजदारी खटल्यात वकील बदलण्याची कामं एका ठरावीक क्रमाने करावी लागतात. तो क्रम चुकला तर नुकसान वकिलाचं होत नाही. वॉरंट निघतं आरोपीवर, नोटीस जाते जामीनदाराला आणि साक्षीदाराला विचारायचे प्रश्न कायमचे राहून जातात.

हा लेख आरोपीच्या बाजूने लिहिला आहे. फिर्यादीची बाजू सरकारी वकील मांडतात, तो विषय वेगळा.

वकीलपत्र म्हणजे नक्की काय?

पहिल्या भेटीत वकिलाने ज्या छापील कागदावर तुमची सही किंवा अंगठा घेतला आणि ज्यावर तिकिटं लावून तो कोर्टात दाखल केला, ते वकीलपत्र. "या खटल्यात माझ्या वतीने हजर राहायला, अर्ज द्यायला, साक्षीदाराला प्रश्न विचारायला मी यांना अधिकार देतो," असा त्याचा अर्थ. अधिकार देणारे तुम्ही आहात, म्हणून तो काढून घेणारेही तुम्हीच. वकिलाने "तुम्ही सही केली आहे, आता बदलता येणार नाही" असं म्हटलं तर ते खरं नाही.

वकीलपत्र एका खटल्यापुरतं असतं. सत्र न्यायालयातल्या खटल्याचं वकीलपत्र छत्रपती संभाजीनगरच्या उच्च न्यायालय खंडपीठात चालत नाही, तिथे जामीन अर्ज किंवा अपील करायचं तर वेगळं द्यावं लागतं. म्हणून वकील बदलताना आधी बघा, तुमचं प्रकरण किती कोर्टात आहे आणि कुठल्या कोर्टातला वकील बदलायचा आहे.

वकील बदलला म्हणून जामीन जात नाही, ही भीती अनेकांना असते. जामीन कोर्टाने दिलेला असतो आणि जामीनदाराने हमी कोर्टाला दिलेली असते. त्यात वकिलाचं नाव असलं तरी हमी वकिलाची नसते. जामीन धोक्यात येतो तो तारीख चुकल्यामुळे. वकील बदलण्याच्या गडबडीत "या तारखेला जायची गरज नाही" असं समजून आरोपी घरी राहतो, गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला कोर्टात कुणीच नसतं आणि अजामीनपात्र वॉरंट निघतं. त्यानंतर सातबारा देऊन जामीन राहिलेल्या मामाला किंवा शेजाऱ्याला नोटीस जाते. त्यामुळे वकील बदलत असताना प्रत्येक तारखेला आरोपीने स्वतः हजर राहायचंच. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेला माणूस असला तरी ही एक-दोन तारखा त्याने यावंच.

अंगठा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नवं वकीलपत्र असो की जुन्या वकिलाने पुढे केलेला कुठलाही कागद, तो आपल्या बोलीत, भिलोरीत किंवा पावरीत, समजावून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका. काही ठिकाणी पहिल्या दिवशीच कोऱ्या कागदांवर किंवा दोन-तीन कोऱ्या वकीलपत्रांवर सह्या घेतल्या जातात. तसे कागद जुन्या वकिलाकडे असतील तर फाईलसोबत तेही परत मागा.

आधी नवा वकील पक्का करा, मग जुन्याला सांगा

क्रमातला पहिला नियम हाच. नवा वकील "हो" म्हणेपर्यंत जुन्याला काढू नका. मधल्या काळात साक्षीची तारीख आली तर आरोपी एकटा उभा राहतो.

नव्या वकिलाकडे जाताना खटल्याचा नंबर, कोर्टाचं नाव, पुढची तारीख आणि खटला कुठल्या टप्प्यावर आहे एवढं हातात ठेवा. हे मोबाईलवर बघता येतं. services.ecourts.gov.in या सरकारी संकेतस्थळावर किंवा ई-कोर्ट्सच्या ॲपवर 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते दिसतं. "पुरावा" किंवा "साक्ष" अशा अर्थाची नोंद दिसली तर समजायचं की साक्षीदार येणार आहे आणि वेळ कमी आहे. सीएनआर नंबर माहीत नसेल तर खटल्याच्या नंबरावरून किंवा आरोपीच्या नावावरूनही शोधता येतं.

नव्या वकिलाला फी विचारायच्या आधी हे विचारा : "पुढच्या तारखेला साक्षीदार आला तर तुम्ही उलटतपास घ्यायला तयार असाल का?" जो वकील "बघू, तारीख घेऊ" एवढंच म्हणतो, त्याच्या भरवशावर जुना सोडू नका. पुढे तारीख मिळेलच असं नाही. जुन्या संहितेचं कलम 309 आणि नव्या संहितेचं कलम 346 सांगतं की वकील दुसऱ्या कोर्टात अडकला हे तारीख वाढवायचं कारण होत नाही. साक्षीदार हजर आहे आणि आरोपीचा वकील आला नाही किंवा तयार नाही, तर कोर्ट उलटतपास न होताच पुढे जाऊ शकतं.

ना-हरकत : एका सहीचा कागद, पण तो लागतो

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत, वकिलांनी एकमेकांशी कसं वागावं या भागात, 39 क्रमांकाचा नियम आहे. एखाद्या खटल्यात आधीच एका वकिलाचं वकीलपत्र दाखल असेल तर दुसऱ्या वकिलाने त्याच्या संमतीशिवाय हजर व्हायचं नाही. ही संमती म्हणजेच आपण ज्याला ना-हरकत म्हणतो ती. जुना वकील बहुतेक वेळा नव्या वकीलपत्रावरच "हरकत नाही" असं लिहून सही करतो. वेगळा कागद असला तरी चालतो.

जुना वकील सही देत नसेल तर? त्याच नियमात पुढचा रस्ता दिला आहे. नवा वकील कोर्टाला अर्ज करतो, संमती का आणता आली नाही याचं कारण लिहितो आणि कोर्टाच्या परवानगीने हजर होतो. म्हणजे ना-हरकत नाही मिळाली म्हणून तुम्ही जुन्या वकिलाशी कायमचे बांधलेले नाही. अर्जात भांडण लिहू नये. "या तारखांना वकील हजर नव्हते, आरोपीने संमती मागितली, ती मिळाली नाही, खटला साक्षीवर आहे," एवढं पुरतं. आरोपी स्वतःही उभा राहून न्यायाधीशांना सांगू शकतो की मला वकील बदलायचा आहे.

उलट, वकिलालाच खटला सोडायचा असेल तर त्यालाही नियम आहे. पुरेसं कारण असल्याशिवाय आणि पक्षकाराला पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय त्याने सोडायचं नाही. जेवढं काम झालं नाही तेवढी फी परत करायची. साक्षीच्या दिवशी सकाळी "मी यातून बाहेर" असं सांगणं या नियमात बसत नाही.

फाईल कुणाची? फी बाकी असली तरी अडवता येत नाही

सगळ्यात जास्त खटके इथे उडतात. "आधी राहिलेले पैसे द्या, मग फाईल न्या." यावर सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे. तो प्रत्येक पक्षकाराला माहीत असावा.

प्रकरण शेजारच्या मध्य प्रदेशातलं. भोपाळच्या राज्य सहकारी बँकेने 1993 मध्ये आपल्या वकिलाचं काम थांबवलं आणि फाईली परत मागितल्या. वकिलाने 97,100 रुपये फी बाकी असल्याचं सांगितलं आणि पैसे मिळेपर्यंत फाईली देणार नाही असा पवित्रा घेतला. बँकेने तक्रार केली, बार कौन्सिलने वकिलाला दोषी धरलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या नावाने 22 ऑगस्ट 2000 ला निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं की दुकानदार पैशांसाठी माल अडवतो तसं वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. फी बाकी असेल तर ती कायदेशीर मार्गाने वसूल करावी. मागूनही फाईल न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. फौजदारी खटल्यात तर माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं, तिथे फाईल अडवल्याचा फटका फार मोठा बसू शकतो.

याचा अर्थ फी बुडवावी असा नाही. केलेल्या कामाचे पैसे देणं लागतं आणि वकील त्यासाठी दावा लावू शकतो. पण फी आणि फाईल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकीसाठी दुसरी थांबत नाही.

फाईल घेताना नुसतं बंडल उचलून आणू नका. दोन प्रतींत यादी करा, प्रत्येक कागदापुढे खूण करा, दोघांच्या सह्या आणि तारीख टाका. यादीत कमीत कमी हे असावं :

- दोषारोपपत्राची पूर्ण प्रत, म्हणजे फिर्याद, साक्षीदारांचे पोलिसांनी घेतलेले जबाब, पंचनामे आणि वैद्यकीय कागद
- आतापर्यंत झालेल्या साक्षींच्या नकला
- जामिनाचा आदेश आणि त्यातल्या अटी
- दोन्ही बाजूंनी दिलेले अर्ज आणि त्यावरचे आदेश
- तुम्ही दिलेले मूळ कागद, फोटो, पेनड्राईव्ह, पावत्या

कागदांशिवाय एक गोष्ट अशी आहे जी यादीत येत नाही. ती म्हणजे बचावाची दिशा. जुन्या वकिलाने आधीच्या साक्षीदारांना प्रश्न विचारताना एक भूमिका घेतलेली असते. "आरोपी त्या वेळी तिथे नव्हताच" अशी एखादी. नव्या वकिलाने ते न वाचता पुढच्या साक्षीदाराला "आरोपीने स्वतःला वाचवायला काठी उचलली" असं सुचवलं, तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. निकालाच्या वेळी दोन्हीवरचा विश्वास उडतो. म्हणून झालेल्या साक्षींच्या नकला नव्या वकिलाने पहिल्याच दिवशी वाचायला हव्यात. जुन्या वकिलाने कुठले कागद कोर्टात "कबूल" केले आहेत, तेही विचारून घ्यावं. कबूल केलेल्या कागदासाठी मग साक्षीदार बोलावला जात नाही आणि त्यावर प्रश्न विचारायची संधी राहत नाही.

तुम्ही जुन्या वकिलाला सांगितलेली गुपितं बाहेर जातील का, हीही शंका असते. काम सुटल्यावरही वकिलाला ती बाहेर सांगता येत नाहीत आणि त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम घेता येत नाही.

फाईल मिळालीच नाही तर

फाईलची वाट बघत बसू नका. कोर्टाच्या मूळ रेकॉर्डमध्ये जवळपास सगळं असतं आणि त्याच्या नकला मिळतात. नव्या वकिलाचं वकीलपत्र दाखल झालं की त्याच दिवशी नकल विभागात अर्ज द्यायचा. आधी साक्षींच्या नकला, मग दोषारोपपत्र, मग रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद. पुढची तारीख जवळ असेल तर अर्जावर तातडीचं कारण लिहावं. दोषारोपपत्राची एक प्रत आरोपीला सुरुवातीला मोफत मिळालेली असते. ती घरात पत्र्याच्या पेटीत आहे का तेही बघा, कारण पुष्कळदा ती सही करून घेतलेली असते आणि विसरलेली असते.

कोर्टातून न मिळणाऱ्या वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः वकिलाला दिलेल्या. मूळ पावती, फोटो, दवाखान्याचा कागद. यांच्यासाठी जुन्या वकिलाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोचपावती ठेवा आणि पत्रात काय काय परत हवं ते एकेक लिहा. तरीही दिलं नाही तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र तक्रारीला वेळ लागतो आणि तिने तुमचा खटला थांबत नाही. तक्रार आपल्या जागी चालू द्या, खटला नकलांवर पुढे न्या.

"नवा वकील आलाय, साक्षीदार परत बोलवा" हे चालत नाही

वकील बदलणाऱ्या बऱ्याच घरांची आशा अशी असते की जुन्या वकिलाने नीट विचारलं नाही, नवा वकील साक्षीदारांना परत बोलावून विचारेल. साक्षीदार परत बोलवायचा अधिकार कोर्टाला आहे. जुन्या संहितेत तो कलम 311 मध्ये होता, नव्या संहितेत कलम 348 मध्ये आहे. पण नुसता वकील बदलला हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

दिल्लीतल्या 2014 च्या टॅक्सीतल्या बलात्काराच्या खटल्यात हे ठरलं. सरकारी बाजूच्या 28 साक्षीदारांच्या साक्षी संपल्या, मग आरोपीने वकील बदलला. नव्या वकिलाने सांगितलं की आधीच्या वकिलाने नीट उलटतपास घेतला नाही, साक्षीदार परत बोलवा. खालच्या कोर्टाने नाही म्हटलं, दिल्ली उच्च न्यायालयाने काही साक्षीदारांपुरतं मान्य केलं. 10 सप्टेंबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. असं चालू दिलं तर प्रत्येक नव्या वकिलाबरोबर खटला पहिल्यापासून सुरू करावा लागेल आणि साक्षीदारांना, त्यातही पीडितेला, पुन्हा पुन्हा त्याच त्रासातून जावं लागेल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

दुसरी बाजूही आहे. अमृतसरच्या कस्टमच्या एका खटल्यात आरोपीचे वकील खटला चालू असतानाच वारले. नव्या वकिलाने काही साक्षीदार परत मागितले. तिथे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये परवानगी दिली, कारण गेलेल्या वकिलाच्या मनात बचावाची काय आखणी होती हे नव्याला कळायला मार्ग नव्हता आणि यात आरोपीचा काही दोष नव्हता.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की व्यवहारातला धडा मिळतो. अर्ज करायचाच असेल तर "वकील बदलला" असं लिहून उपयोग नाही. कुठला साक्षीदार, कुठला प्रश्न राहिला, तो प्रश्न निकालासाठी का गरजेचा आहे आणि तेव्हा का विचारला गेला नाही, हे नेमकं लिहावं लागतं. अर्ज लगेच द्यावा लागतो, युक्तिवादाच्या दिवशी नाही.

एक उदाहरण, तारखेसकट

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अशा गोष्टी घडतात. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या तरुणावर बांधाच्या भांडणातून खुनाच्या प्रयत्नाचा खटला आहे. नंदुरबारच्या सत्र न्यायालयात तो चालू आहे. तो जामिनावर आहे, मामाने सातबारा देऊन हमी दिली आहे. एकूण 11 साक्षीदार, चौघांचं झालं. पाचवा, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं असं सांगणारा, त्याची सरकारी वकिलांनी सरतपासणी घेतली आणि उलटतपास राहिला. पुढची तारीख 18. गेल्या दोन तारखांना वकील आले नाहीत.

घरच्यांनी 2 तारखेला ठरवलं, वकील बदलायचा. जुन्या वकिलाला काही न बोलता 3 तारखेला मोबाईलवरून खटल्याची स्थिती काढली आणि नव्या वकिलाला भेटले. त्याने 18 ला उलटतपास घ्यायची तयारी दाखवली, पण अट घातली की साक्षी आणि जबाब त्याला 12 पर्यंत वाचायला मिळाले पाहिजेत.

4 तारखेला आरोपी आणि त्याचा काका जुन्या वकिलाकडे गेले. आवाज न चढवता सांगितलं, "साहेब, आम्हाला दुसरे वकील करायचे आहेत, या कागदावर ना-हरकत द्या." वकिलांनी सही दिली, पण म्हणाले, "15 हजार बाकी आहेत, ते आणा आणि फाईल न्या." काकाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने पत्र गेलं : फाईल आणि दवाखान्याची मूळ पावती परत द्यावी, फीचा हिशोब लेखी द्यावा, आम्ही बोलायला तयार आहोत.

6 तारखेला नवं वकीलपत्र ना-हरकतीसह दाखल झालं. त्याच दिवशी पाचही साक्षींच्या नकलांचा अर्ज दिला, कारण म्हणून 18 तारखेचा उलटतपास लिहिला. दोषारोपपत्राची आरोपीची प्रत घरात धान्याच्या कोठीजवळ सापडली. 11 तारखेला नकला मिळाल्या.

आता या सगळ्या धावपळीचा उपयोग काय झाला ते बघा. पाचव्या साक्षीदाराने कोर्टात सांगितलं होतं, "मी आरोपीला कुऱ्हाड मारताना पाहिलं." पण दोषारोपपत्रातल्या त्याच्या पोलिसांपुढच्या जबाबात होतं की तो आरडाओरडा ऐकून नंतर तिथे आला आणि अंधार होता. 18 तारखेला नव्या वकिलाने तोच जबाब समोर ठेवून प्रश्न विचारला. ही तफावत आता रेकॉर्डवर आली. पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत ती त्याच्याकडूनही सिद्ध करून घ्यायची आहे, हे नव्या वकिलाने आपल्या डायरीत लिहून ठेवलं.

याच घरच्यांनी 2 तारखेलाच जुन्या वकिलाशी भांडण केलं असतं आणि नव्याला 17 तारखेला संध्याकाळी गाठलं असतं, तर 18 ला तो जबाब कुणाच्याही हातात नसता. कोर्टाने तारीख दिली नसती तर "उलटतपास नाही" अशी नोंद झाली असती. वर सांगितलेल्या दिल्लीच्या निकालामुळे तो साक्षीदार परत मिळणं फार अवघड झालं असतं.

आरोपी कोठडीत असेल किंवा वकिलाची फी परवडत नसेल

कारागृहातल्या आरोपीचं नवं वकीलपत्र घरच्यांनी सही करून चालत नाही. सही किंवा अंगठा आरोपीचाच लागतो, तो कारागृहाच्या अधिकाऱ्यासमोर होतो आणि ते त्यावर शिक्का-सही करतात. त्यासाठी एक-दोन दिवस हाताशी धरा. बरेचदा भाऊ एक वकील नेमतो, सासरा दुसरा, आणि कोर्टात दोघेही उभे राहतात. अशा वेळी आरोपीने ज्याच्या कागदावर सही केली तोच खरा.

अनुसूचित जमातीतल्या किंवा जातीतल्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य कुटुंबांना हे लागू होतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, फोनवर विचारायचं तर 15100 हा नंबर आहे. सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाला पैसे द्यायचे नसतात. त्यांनी मागितले किंवा ते तारखांना येत नसतील तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागता येतो. इथेही क्रम तोच : नवा नेमला जाईपर्यंत जुन्याला "नको" असं कोर्टात म्हणू नका.

ऐनवेळी कोर्टाने वकील नेमून दिला तर त्याला तयारीला वेळ मिळायला हवा. खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि काही दिवसांतच फाशीची शिक्षा झाली. 18 डिसेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात कोर्टाने नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी साधारण किमान 7 दिवस द्यावेत, असंही म्हटलं. तुमच्यावर तशी वेळ आली तर कोर्टाला नम्रपणे सांगा की वकिलांना कागद वाचायला वेळ द्यावा. ते रोजनाम्यात लिहिलं गेलं का तेही वकिलाला विचारा.

कधी बदलू नये

साक्षीदार उद्या आहे आणि जुना वकील येणार आहे, तर ती एक साक्ष त्याच्याकडूनच होऊ द्या. त्याच्या डोक्यात खटला आहे. साक्ष झाल्यावर, दोन तारखांच्या मधल्या दिवसांत बदल करा. दोषारोप ठेवण्याआधीचा किंवा साक्षी संपून युक्तिवादाला महिनाभर असताना केलेला बदल सगळ्यात कमी नुकसानीचा असतो. साक्षीच्या मध्ये केलेला बदल सगळ्यात जोखमीचा. तो करावाच लागला तर आधी नकला हातात घ्या आणि मगच ना-हरकत मागायला जा.

आणि जुन्या वकिलाच्या पायरीवरून उतरताना दार आपटू नका. त्याने आधीच्या साक्षीदाराला अमुक प्रश्न मुद्दाम का विचारला नाही, हे कुठल्याच नकलेत लिहिलेलं नसतं. ते त्यालाच माहीत असतं आणि नव्या वकिलाला ते फोनवर विचारावं लागू शकतं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या खटल्यातले कागद आणि तारखा वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणात दाखवूनच निर्णय घ्यावा. 1 जुलै 2024 च्या आधी सुरू झालेल्या खटल्यांत जुन्या संहितेचे कलम क्रमांक दिसतील.)